निधनाची बातमी आणि टायटलची घाई

२३ नोव्हेंबर २०२२, बुधवारची रात्र. ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात अत्यवस्थ होते. रात्री त्यांच्या निधनाची बातमी मोबाइलवर फिरू लागली. काही वृत्तसंकेतस्थळांनी ती छापली, वाहिन्यांच्या पट्ट्यांवर ती आली, चित्रपटसृष्टीतल्या नामवंतांनी ट्विटरवर श्रद्धांजली वाहिली. मग पत्नी वृषाली गोखले यांना माध्यमांना सांगावं लागलं की ते हयात आहेत, प्रकृती मात्र अतिशय गंभीर आहे. पुढे रुग्णालयाकडून सुधारणेची बातमी आली. ते डोळे उघडत होते, हातपाय हलवत होते. पण प्रकृती पुन्हा ढासळली आणि २६ नोव्हेंबरला दुपारी त्यांचं निधन झालं.

आता त्या बुधवारी रात्री एखादा मराठी यूट्यूबर काय करत असेल, याची कल्पना करा. सिनेमा-नाटकांवर बोलणारं त्याचं छोटंसं चॅनल आहे. नाव ट्रेंडमध्ये आलंय, दोन मिनिटांचा व्हिडिओ अर्ध्या तासात तयार होईल, आणि उशीर झाला तर व्ह्यूज दुसऱ्याच्या खात्यात जातील. हा दबाव खरा आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की व्हिडिओ करायचा की नाही, हे त्याने कशावरून ठरवायचं.

ट्रेंडवरून नक्कीच नाही. गूगल ट्रेंड्सच्या आलेखात १०० हा आकडा दिसला की नवखा माणूस हुरळतो. पण तो शोधांचा आकडा नसतो. निवडलेल्या काळात त्या शब्दाचा शोध सर्वाधिक प्रमाणात ज्या क्षणी घेतला गेला, त्या क्षणाला १०० धरून बाकीचं मोजलेलं असतं. म्हणजे लोक विचारताहेत, इतकंच त्यातून कळतं. त्या रात्री विचारणाऱ्यांपैकी कित्येकांचा सवाल ‘हे खरं आहे का?’ असाच असणार. गर्दीच्या प्रश्नालाच पुरावा समजण्याची चूक इथे होते.

दुसरी चूक बातम्या मोजण्याची. दहा संकेतस्थळांनी छापलंय, म्हणजे पक्कंच, असं वाटतं. पण त्या दहा बातम्या उघडून प्रत्येकीत एकच गोष्ट शोधावी: हे सांगितलं कुणी? रुग्णालयाच्या प्रवक्त्याचं नाव आहे का, कुटुंबातल्या कुणाचं विधान आहे का, ते कुठे आणि किती वाजता केलं? ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ किंवा ‘अमुक वाहिनीच्या वृत्तानुसार’ एवढंच असेल, तर दहाही जण एकाच अफवेच्या पाठीवर बसलेले असू शकतात. श्रद्धांजलीची ट्वीट्स तर मुळीच धरू नयेत. ती लिहिणाऱ्यांनीही बातमीच वाचलेली असते. आजारपणात दुजोरा दोनच ठिकाणांहून येऊ शकतो, घरून किंवा रुग्णालयातून. रात्री अकराला यांपैकी काहीच हाती नसेल, तर निधनाचा व्हिडिओ करायचा नाही. इथे ‘पण’ला जागा नाही.

कधी तर खुद्द त्या व्यक्तीचं अधिकृत खातंही पुरत नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पूनम पांडे यांच्या इन्स्टाग्राम खात्यावरच त्यांच्या मृत्यूची पोस्ट आली आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतः व्हिडिओत हजर झाल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल जागृतीसाठी हे केलं, असं त्यांनी सांगितलं. रुग्णालय कोणतं, अंत्यसंस्कार कुठे, या साध्या प्रश्नांना पोस्टमध्ये उत्तर नव्हतं. तिथेच थांबायला हवं होतं.

आता समजा गुरुवार उजाडला, कुटुंबाचं विधान आलं. व्हिडिओ करण्यासारखं आता खरंच काहीतरी आहे: काल रात्रीची बातमी चुकीची होती. आता टायटल.

‘विक्रम गोखले यांचं निधन?’ हे सर्वांत सोपं आणि सर्वांत वाईट. प्रश्नचिन्ह लावलं की जबाबदारी संपली, असं करणाऱ्याला वाटतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र नाव आणि निधन एवढंच शिरतं. सोबत थंबनेलवर हार घातलेला कृष्णधवल फोटो असेल, तर प्रश्नचिन्ह कुणाला दिसतंय? ‘विक्रम गोखलेंबाबत सर्वांत मोठी बातमी’ यात खोटं काही नाही, पण माहितीही नाही. माणसाच्या जिवाची काळजी वाटणाऱ्याला आत ओढण्याचा तो डाव आहे.

‘निधनाच्या बातमीवर कुटुंबाचा खुलासा’ बरं वाटतं. पण यूट्यूब टायटलला १०० अक्षरं देत असलं, तरी फोनच्या यादीत लांब टायटलची शेपटी कापली जाते. ‘विक्रम गोखले यांच्या निधनाच्या बातमीवर…’ एवढंच दिसलं, तर खंडन करायला निघालेला व्हिडिओच अफवा पसरवतो. म्हणून खरी स्थिती आधी आणि अफवा शेवटी: ‘विक्रम गोखले रुग्णालयात, प्रकृती गंभीर, निधनाचं वृत्त कुटुंबाने नाकारलं’. मागचा भाग कापला गेला तरी उरतं ते खरंच असतं. पहिल्याच वाक्यात तारीख, वेळ आणि कुणी सांगितलं ते बोलावं, कारण अशी माहिती काही तासांत शिळी होते.

शनिवारी तेच झालं. तेव्हा एक मोह होतो: गुरुवारच्या व्हिडिओला व्ह्यूज आहेत, त्याचंच टायटल बदलून ‘निधन’ करावं. यूट्यूब स्टुडिओत टायटल आणि थंबनेल कधीही बदलता येतं, पण त्याच दुव्यावर नवा व्हिडिओ चढवता येत नाही. म्हणजे वर निधन आणि आत ‘ते हयात आहेत’. टायटल एक सांगतं आणि आत ते नाहीच, अशा ताज्या घडामोडींवरच्या व्हिडिओंविरुद्ध भारतात कडक पावलं उचलणार, असं यूट्यूबने डिसेंबर २०२४मध्ये जाहीर केलं. सुरुवातीला स्ट्राइक न देता नुसते व्हिडिओ काढले जातील, असंही सांगितलं. जुन्या व्हिडिओला फक्त ‘२४ नोव्हेंबरची स्थिती’ अशी जोड द्यावी आणि निधनाचा व्हिडिओ वेगळा करावा.

तोही सर्वांत आधी यायलाच हवा असं नाही. नुसतं निधन सांगायला वाहिन्या आहेत. छोट्या चॅनलने सांगावं ते वेगळंच: गोखल्यांच्या पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई या मायलेकींनी १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम केलं, वडील चंद्रकांत गोखलेही नट, आणि स्वतः विक्रम गोखल्यांचं ‘बॅरिस्टर’ लोकांच्या आठवणीत राहिलं. वर्तमानपत्रांत असे मृत्युलेख आधीच लिहून ठेवायची रीत जुनी आहे. लिहून ठेवण्यात गैर काही नाही, गैर आहे ते दुजोऱ्याआधी प्रसिद्ध करणं.

पुण्यातल्या त्या रात्रीवरून मोठ्या माध्यमांनीही फार धडा घेतला नाही. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी धर्मेंद्र यांच्या निधनाची बातमी अशीच सुटली, हेमा मालिनी आणि ईशा देओल यांनी ती जाहीरपणे खोडली, दुसऱ्या दिवशी ते घरी गेले. निधन झालं ते २४ नोव्हेंबरला.

चूक झालीच, तर व्हिडिओ गुपचूप डिलीट करून भागत नाही. सबस्क्रायबरच्या फोनवर गेलेलं नोटिफिकेशन आणि व्हॉट्सअॅपवर गेलेले स्क्रीनशॉट परत बोलावता येत नाहीत. दुरुस्तीही नवा व्हिडिओ करूनच द्यावी, आणि तिच्या टायटलमध्ये ‘आम्ही दिलेली बातमी चुकीची होती’ हे शब्द स्पष्ट लिहावेत.