विहिरीवरची रात्र आणि एक शिफारसपत्र

काही वर्षांपूर्वी एका वृत्तपत्राच्या संपादकांचा मला फोन आला. त्यांच्या फेलोशिपसाठी माझ्या दोन विद्यार्थ्यांनी अर्ज केले होते आणि दोघांनाही शिफारसपत्र मीच दिलं होतं. ‘सर, दोन्ही पत्रं समोर घेऊन बसलोय,’ ते म्हणाले, ‘नावं झाकली तर कुणाचं कोणतं, हे तुम्हाला तरी सांगता येईल का?’ मला सांगता आलं नसतं. दोघंही मेहनती, दोघंही जिज्ञासू, दोघंही वक्तशीर. दोघांपैकी एकाचीही निवड झाली नाही. त्यात माझ्या पत्रांचा वाटा किती होता ते ठाऊक नाही, पण ती दोन पत्रं माझ्या मनातून गेलेली नाहीत.

फेलोशिप म्हटलं की आपल्याकडे शिष्यवृत्ती आठवते. न्यूजरूम फेलोशिपचं तसं नाही. इथे ठरावीक महिने मानधन घेऊन, संपादकाच्या हाताखाली, खऱ्या बातम्या कराव्या लागतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१९मध्ये उन्हाळी इंटर्नशिप बंद करून वर्षभराची फेलोशिप सुरू केली, ती याच धर्तीची. म्हणजे संपादक एका अनोळखी मुलीच्या हाती आपल्या वृत्तपत्राची अब्रू देणार असतो. ही मुलगी चुकीची बातमी देईल का, आणि चूक दाखवली तर ऐकेल का, हे त्याला आधी हवं असतं. गुणपत्रिकेतून ते कळत नाही. छापून आलेल्या बातमीतूनही पुरतं कळत नाही, कारण त्या बातमीवर उपसंपादकाचा, कधी शिक्षकाचाही हात फिरलेला असतो. पहिला खर्डा आणि छापील बातमी यांच्या मधे काय घडलं, हे ज्यानं पाहिलं तो शिक्षक. शिफारसपत्राला मोल आहे ते तेवढ्याच माहितीला.

नंतर एका विद्यार्थिनीसाठी पत्र लिहायची वेळ आली तेव्हा मी तिच्याकडे छापील बातमीबरोबर तिचे सगळे खर्डे मागितले. तिची बातमी मराठवाड्यातल्या एका गावाच्या टँकरची होती. उन्हाळ्यात टँकर येतो, पाणी गावच्या विहिरीत ओततो, बायका तिथून शेंदून घेतात. प्रत्येक खेपेची नोंद लॉगबुकमध्ये होते आणि गावातलं कुणीतरी त्यावर सही करतं. लॉगबुकात रोज तीन खेपा होत्या. ही मुलगी सलग चार दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा विहिरीजवळ बसली. नोंदीप्रमाणे बारा खेपा व्हायला हव्या होत्या, तिनं मोजल्या आठ. पहिल्या खर्ड्याचं शीर्षक होतं, ‘रोज एका टँकरची चोरी’.

मी खर्ड्यावर एकच प्रश्न लिहिला होता : संध्याकाळी सहानंतर काय होतं? टँकर जिथे भरतो तिथला पंप विजेवर चालतो, आणि दिवसा वीज नसली तर टँकर रात्री भरला जाऊ शकतो. ती परत गेली. एका म्हातारीच्या ओसरीवर मुक्काम करून तिनं दोन दिवस आणि दोन रात्री विहिरीवर लक्ष ठेवलं. पहिल्या रात्री साडेअकराला टँकर आला. दुसऱ्या रात्री आला नाही, पण लॉगबुकात त्याही दिवशी तीनच खेपा लिहिल्या होत्या. नोंदी सहा, खेपा पाच. रोजच्या चोरीचा तिचा दावा टिकला नाही. एका खेपेचा हिशेब मात्र खरोखरच लागत नव्हता. तिनं ड्रायव्हरला, सही करणाऱ्याला आणि तालुक्याच्या अधिकाऱ्याला विचारलं, तिघांची उत्तरं छापली आणि शीर्षकातला ‘चोरी’ हा शब्द स्वतःच्या हातानं खोडला.

हे हाताशी असताना मी पत्रात ‘ती चिकाटीची आहे’ असं लिहिणार होतो, म्हणजे पुन्हा तेच! अखेर उतारा असा झाला : ‘पहिल्या खर्ड्यात हिनं रोज एक खेप चोरीला जाते असं लिहिलं होतं. दिवसाच्या मोजणीवरून रात्रीबद्दल बोलता येत नाही, हे लक्षात आल्यावर ती पुन्हा गावात गेली. त्यामुळे बातमी लहान झाली, पण तिच्यातला प्रत्येक आकडा हिनं स्वतः पाहिलेला आहे. दोन्ही खर्डे सोबत जोडले आहेत.’ विशेषण एकही नाही. संपादकाला हवं तर तो खर्डे उघडून माझं म्हणणं पडताळू शकतो.

तिच्या उणिवेवर मी बराच वेळ अडलो. ती सावकाश लिहिते. वर्गात तासाभरात तीनशे शब्दांची बातमी द्यायची असली की तिची अर्धीच होते. हे दडवलं तर पहिल्याच आठवड्यात उघडं पडणार, आणि मग पत्रातल्या बाकीच्या मजकुरावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून मी ते लिहिलं, पण मोजून लिहिलं : वर्षाच्या सुरुवातीला किती वेळ लागायचा, आता किती लागतो, आणि रोजच्या धावत्या बातम्यांपेक्षा हिला खोदकामाचं काम द्यावं असं मला का वाटतं. यावर न्यूजरूमला निर्णय घेता येतो. ‘थोडी सुधारणा अपेक्षित’ अशा मोघम वाक्यानं वाचणाऱ्याच्या मनात नसत्या शंका मात्र उभ्या राहतात.

एक गोष्ट मात्र मी गाळली. तिच्या घरची परिस्थिती. ‘हलाखीतून शिकलेली’ हे वाक्य आपल्या शिफारसपत्रांत फार सहज येतं आणि लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ते सांगायचं की नाही हा तिचा अधिकार, आणि सांगायचं असेल तर अर्जात तिची स्वतःची जागा आहे. मी तिला विचारलं. ती ‘नको सर’ म्हणाली, विषय तिथे संपला.

विद्यार्थ्यांनी शिक्षकाला निदान तीन आठवडे आधी सांगावं, कारण जुने खर्डे शोधून वाचायला वेळ लागतो. आदल्या रात्री निरोप आला की शिक्षकापाशी विशेषणांखेरीज काही उरत नाही, किंवा मग तो म्हणतो, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ विद्यार्थ्यानं लिहिलेलं पत्र ओळखू येतं : त्याची भाषा अर्जातल्या निबंधासारखीच असते आणि शिक्षकानं काय पाहिलं ते त्यात कुठेच नसतं. पत्र अपलोड करायची लिंक बहुतेक वेळा थेट शिक्षकाच्या ई-मेलवर येते आणि पुष्कळदा स्पॅममध्ये पडते, तेव्हा तिथेही डोकावावं. परदेशातली संस्था असेल तर मुदत कुठल्या घड्याळानं आहे ते पाहावं. हिवाळ्यात लंडनमधले रात्रीचे बारा म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच.

पत्र गेल्यावर आठवड्याभरात त्या न्यूजरूममधून फोन आला. संपादक बाईंनी खर्डे वाचले होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘दुसऱ्यांदा गावात ती स्वतःहून गेली, की तुम्ही पाठवलंत?’ मी सांगितलं, प्रश्न माझा होता. जायचं तिनं ठरवलं, आणि रात्री थांबायचं तर मला ती परत आल्यावरच कळलं. ते एकटीनं करायला नको होतं, असंही मी तिला बोललो होतो. ‘हे पत्रात का नाही?’ त्या म्हणाल्या. खरंच नव्हतं. माझा प्रश्न मी पत्रातून वगळला होता, आणि त्यामुळे तिचा निर्णय नेमका कुठे सुरू होतो तेच वाचणाऱ्याला दिसत नव्हतं. त्याच संध्याकाळी मी तो उतारा बदलून पुन्हा पाठवला.