पापणीवरचा पिवळा डाग

"डॉक्टर, पुढच्या महिन्यात दिराचं लग्न आहे, तेवढं हे काढून द्या," असं म्हणत बाईंनी चष्मा काढला. वय ४१, बँकेत नोकरी. दोन्ही वरच्या पापण्यांवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, पिवळसर चपटे डाग होते. उजवीकडचा तुरीच्या डाळीएवढा, डावीकडचा जरा लहान. बोट फिरवलं तर मऊ लागत होते, कातडीपासून जेमतेम वर आलेले. दुखणं नाही, खाज नाही. वर्षभर त्या मेकअपखाली झाकत होत्या.

या डागांना झँथेलाझ्मा म्हणतात. ग्रीक भाषेत झँथोस म्हणजे पिवळा आणि एलाझ्मा म्हणजे ठोकून पातळ केलेला पत्रा. दिसायला तो अगदी तसाच असतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल पापणीच्या पातळ कातडीत झिरपतं, तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात आणि पचवता न आल्यामुळे फुगून तिथेच बसतात. अशा पेशींचा थर जमला की बाहेरून पिवळा दिसतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही चरबी अशाच पेशींत साठत जाते, म्हणून हा डाग नुसता सौंदर्याचा प्रश्न मानून मला चालत नाही.

पण डाग दिसला म्हणजे कोलेस्टेरॉल वाढलेलंच, असंही नाही. असे डाग असलेल्या साधारण निम्म्या लोकांचा रिपोर्ट नॉर्मल येतो. नुसतं बघून ते कुणालाच सांगता येत नाही. रक्त तपासावंच लागतं. मी लिपिड प्रोफाइल सांगतो आणि सोबत साखर, थायरॉइड, लिव्हर, किडनी यांच्या तपासण्या, कारण थायरॉइड मंदावलं किंवा लघवीतून प्रथिनं जात असली तरी कोलेस्टेरॉल चढतं. अशा वेळी मूळ आजारावर उपचार करावे लागतात.

बाईंचा रिपोर्ट आला. एकूण कोलेस्टेरॉल २९८, ट्रायग्लिसराइड १४०, चांगलं समजलं जाणारं एचडीएल ४६. ट्रायग्लिसराइडला पाचाने भागलं की २८. एकूणातून ४६ आणि २८ वजा केले की उरतं ते एलडीएल, म्हणजे २२४. थायरॉइड, साखर, बाकी सगळं ठीक. बाई तब्येतीने बारीक, खाणंही साधं. "मी तर तूपसुद्धा मोजून खाते हो," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

एलडीएल १९०च्या वर असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर मी घरातल्यांची चौकशी करतो. त्यांचे वडील ४६व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले होते. मी त्यांना पाऊल मोकळं करायला लावलं आणि टाचेच्या वरची जाड शीर दोन बोटांत धरून पाहिली. ती दोन्हीकडे जाडसर, गाठाळ लागली. तिथेही कोलेस्टेरॉल साठलं होतं. आता निदानाबद्दल फारशी शंका उरली नाही: हा आनुवंशिक प्रकार होता. यात लिव्हर रक्तातलं एलडीएल नीट उचलू शकत नाही, त्यामुळे नुसत्या पथ्याने ते पुरेसं उतरत नाही. स्टॅटिनची गोळी सुरू केली.

रिपोर्ट नॉर्मल आला तरी माणसाला तसंच घरी पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे. कोपनहेगनमध्ये १२,७४५ लोकांवर १९७०च्या दशकापासून तीसेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांतल्या ४.४ टक्के लोकांच्या पापण्यांवर हे डाग होते. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, धूम्रपान यांचा हिशेब धरल्यावरही डाग असलेल्यांत हार्ट अटॅकचं प्रमाण जवळपास दीडपट निघालं. हा अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे रक्तात चरबी नसली तरी मी बीपी, साखर, तंबाखू आणि घरचा इतिहास विचारल्याशिवाय राहत नाही.

डाग काढता येतो. लेसर, रेडिओफ्रिक्वेन्सी, अ‍ॅसिडचा हलका लेप किंवा छोटी शस्त्रक्रिया, असे मार्ग आहेत. मात्र तो पुन्हा येऊ शकतो, विशेषतः कोलेस्टेरॉल चढलेलंच राहिलं तर. गोळीने डाग जातोच असं नाही, बहुधा तो तसाच राहतो. लसूण वाटून लावू नका. पापणी भाजून आलेले पेशंट मी पाहिले आहेत. ती कातडी आकसली तर डोळा नीट मिटत नाही.

बाई लग्नाला डागांसकटच गेल्या. तीन महिन्यांनी एलडीएल ११२वर आलं होतं आणि ते अजून खाली आणायचं होतं. डाग होते तिथेच होते. लेसरचा विषय मी काढला, तर त्या म्हणाल्या, "ते बघू नंतर. आधी याचं रक्त घ्या." सोबत त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा होता. आईकडून हा दोष त्याच्यात उतरण्याची शक्यता निम्मी होती, हे मी त्यांना मागच्या वेळी सांगितलं होतं.