गादीला खड्डा, खाटेला गंज आणि रेक्टरांना पत्र

‘माझी गादी फार खराब झाली आहे. खाटही जुनी आहे. रात्री झोप येत नाही, पाठ दुखते. तरी आपण लवकरात लवकर लक्ष घालावे ही नम्र विनंती.’

असे पत्र वसतिगृहाच्या कार्यालयात गेले की रेक्टर ते वाचतात, ‘बघू’ म्हणतात आणि ते फायलीला लागते. (पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत रेक्टर म्हणतात, सरकारी वसतिगृहात गृहपाल.) यात दरवेळी रेक्टरांचाच दोष असतो असे नाही. खाट कोणती, नेमके काय मोडले आहे, सुताराला बोलवायचे की वेल्डिंगवाल्याला, यातले काहीच पत्रात नसते. रेक्टरांना त्यावर पुढे लिहायला जागाच उरत नाही. तक्रार खरी असूनही पत्र पोकळ ठरते.

समजा, रत्नागिरीसारख्या समुद्रकाठच्या गावात एखादी विद्यार्थिनी वसतिगृहात राहते आहे. गादीला मध्येच खड्डा पडला आहे आणि लोखंडी खाटेच्या पायांना गंज चढला आहे. लिहायला बसण्याआधी तिने अर्धा तास खाटेजवळ घालवला, तर तिचे पत्र अगदी वेगळे होईल.

पहिला प्रश्न असा, की खड्डा गादीचा की खाटेचा? गादीखालचा पत्रा किंवा प्लायवूड वाकले असेल तर चांगली गादीही खचलेली वाटते. म्हणून गादी उचलून सपाट फरशीवर टाकायची आणि त्यावर झोपून पाहायचे. खड्डा गेला तर दोष खाटेचा, राहिला तर गादीचा. हे न तपासता नवी गादी आणली की ती महिनाभर बरी वाटते आणि मग तिचीही तीच गत होते.

फरशीवरच खड्डा मोजूनही घ्यावा. गादीवर कोणी नसताना डोक्याकडून पायाकडे दोरी ताणून धरायची आणि दोरीपासून खड्ड्याच्या तळापर्यंत पट्टीने अंतर मोजायचे. गादीच्या कंपन्याही हमी देताना साधारण याच पद्धतीने खड्डा मोजतात, आणि बहुधा इंच-दीड इंचापुढे गेला तरच तो दोष धरतात. ‘गादी बसली आहे’ या वाक्यावर वाद घालता येतो, ‘दोन इंच खड्डा’ यावर घालता येत नाही.

फोम बसतो कशामुळे? फोम म्हणजे अतिशय बारीक कप्प्यांचे जाळे. दाब पडला की कप्पे दबतात, उठले की पुन्हा फुगतात. रोज कमरेखालच्या त्याच जागेवर सर्वांत जास्त भार आला की त्या कप्प्यांच्या भिंती हळूहळू मोडतात आणि मग ते फुगत नाहीत. उकाडा आणि दमट हवा हे काम लवकर उरकतात, त्यामुळे कोकणातली गादी कोरड्या गावातल्या गादीपेक्षा आधी हार मानते. दर दोन-तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवली तर भार वाटला जातो. पण एकदा मोडलेला फोम उन्हात टाकून पूर्ववत होत नाही. ऊन दिल्याने ओल आणि वास जातो, इतकेच.

गादी किती दिवस टिकेल हे मुख्यतः तिच्या डेन्सिटीवर, म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन किती यावर ठरते. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार इंच जाड गादी घ्या. 32 किलो डेन्सिटीचा फोम असेल तर तिचे वजन खोळ सोडून साधारण साडेपाच किलो भरते, आणि 18 किलोचा असेल तर तीनच किलो. सामान तोलायचा हातातला काटा कोणाकडे तरी असतोच. मात्र या चाचणीला एक मर्यादा आहे. काही उत्पादक वजन वाढवण्यासाठी फोममध्ये खडूची पूड मिसळतात, त्यामुळे जड गादी चांगलीच असेल असे नाही. हलकी गादी मात्र हमखास लवकर बसते. आणि दुकानात हाताला कडक लागणे हे टिकाऊपणाचे लक्षण नव्हे. हलका फोमही कडक बनवता येतो.

‘मग फळीवरच झोपा, पाठीला चांगले’ हा सल्लाही वसतिगृहात ऐकू येतो. कंबरदुखी असलेल्या 313 जणांवर स्पेनमध्ये झालेल्या आणि 2003 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता.

आता खाट. वसतिगृहातली खाट बहुधा पोकळ लोखंडी पाइप वेल्डिंग करून बनवलेली असते. गंज आधी दोन ठिकाणी धरतो: वेल्डिंगच्या जोडावर, कारण तिथे रंग नीट बसत नाही, आणि पायाच्या तळाशी, कारण फरशी पुसताना पाणी रबरी बुचात साचून राहते. समुद्रावरच्या खाऱ्या हवेत हे आणखी वेगाने होते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून आधी रंगाला फुगे येतात आणि मग पापुद्रे सुटतात.

वरवरचा गंज आणि खोल गंज यांत फरक करायलाच हवा. बोथट स्क्रू ड्रायव्हरने गंजलेली जागा खरवडून दाबून पाहावी. खाली कडक, चकचकीत लोखंड लागले तर पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट मारला की भागते. पापुद्रे सुटतच राहिले किंवा टोक आत गेले तर पाइप आतून खाल्ला गेला आहे. तिथे रंग मारणे म्हणजे धोका झाकणे. तो तुकडा कापून नवा जोडावा लागतो. आणि गंजामुळे धनुर्वात होतो हा समज अर्धवट आहे. धनुर्वाताचे जंतू माती-धुळीत असतात. जखम कशानेही होवो, इंजेक्शन कधी घेतले होते ते डॉक्टरांना सांगावे.

एवढे पाहून झाल्यावर पत्र लिहायला फार वेळ लागत नाही. ते असे होईल:

‘विषय: खोली क्र. 14 मधील खाट क्र. 27 दुरुस्त करून व गादी बदलून मिळणेबाबत.

महोदया,
वरील खाटेचा डोक्याकडील डावा पाय तळाशी गंजून आरपार भोक पडले आहे व वरचा वेल्डिंगचा जोड तडकला आहे. खाट हलते. तसेच गादीच्या मध्यभागी दोन इंच खोल खड्डा आहे. गादी फरशीवर टाकून पाहिली असता तो तसाच राहतो. तरी खाटेची दुरुस्ती या आठवड्यात करून मिळावी व तोवर दुसरी खाट वापरू द्यावी. गादीची मागणी खरेदीसाठी पाठवून तसे कळवावे. फोटो सोबत जोडले आहेत.
आपली विश्वासू’

खाटेचा नंबर चौकटीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला असतो आणि तोच डेडस्टॉक रजिस्टरमध्ये असतो. तो नंबर दिला की कारकुनाला नोंद लगेच सापडते, आणि वस्तू निर्लेखित करायची झाली तरी सुरुवात तिथूनच होते. दोन मागण्या वेगळ्या ठेवण्याचे कारणही कार्यालयीनच आहे. वेल्डिंगवाल्याला बोलावणे बहुतेक ठिकाणी रेक्टरांच्या हातात असते. गाद्यांची खरेदी मात्र दरपत्रके आणि मंजुरी यांतून जाते. दोन्ही एकाच वाक्यात कोंबले तर आठवड्याभरात होणारी दुरुस्तीही गादीच्या मंजुरीसाठी अडून राहते.

पत्राच्या दोन प्रती काढाव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. प्रवेशाच्या वेळी ‘खाट व गादी सुस्थितीत मिळाली’ अशा छापील फॉर्मवर अनेकदा न पाहताच सही होते, आणि खोली सोडताना मोडक्या खाटेचे पैसे अनामत रकमेतून कापले जातात. तेव्हा दाखवायला हा शिक्क्याचा कागदच असतो. अनामत हातात पडेपर्यंत तो फेकू नये.