वजाबाकीनंतरचे ऋण उत्तर

फासा बारा वेळा टाकला असता निदान एकदा तरी सहा पडेल असे अनुक्रम किती, या प्रश्नाचे उत्तर सहाच्या बाराव्या घातातून पाचाचा बारावा घात वजा केल्याने मिळते. परंतु हिशेब १,००,००,००,००७ या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाकीत ठेवावयाचा असेल, तर पहिल्या घाताची बाकी १७,६७,८२,३२२ इतकीच उरते, दुसरा घात २४,४१,४०,६२५ जसाच्या तसा राहतो, आणि वजाबाकी −६,७३,५८,३०३ येते.

सी++ आणि जावा या भाषांत `%` हे चिन्ह भाज्याचे चिन्ह कायम ठेवीत असल्यामुळे तेथे पुन्हा बाकी काढूनही ऋणत्व जात नाही. पायथनमध्ये मात्र धन भाजकाने भागल्यास बाकी ऋण येत नाही. उपाय असा:

```
ans = (a - b + p) % p;
```

यात `a` आणि `b` दोन्ही शून्य ते `p - 1` या मर्यादेत असणे आवश्यक आहे. आता उत्तर येते ९३,२६,४१,७०४, आणि तेच खरे.

हा दोष घातक अशासाठी, की अकरा फेकींपर्यंत पहिला घात भाजकाहून लहानच असल्याने नमुन्याची सर्व लहान उदाहरणे बिनचूक सुटतात. बेरीज व गुणाकार यांत ऋण बाकी निरुपद्रवी असते, कारण तुल्यता भंगत नाही. परंतु तीच संख्या छापली, दुसरीशी ताडून पाहिली किंवा सारणीचा अनुक्रमांक म्हणून वापरली, की निकाल चुकतो. म्हणून दुरुस्ती वजाबाकीच्या जागीच करावी.