रीलमध्ये चेंडू टेकवायचा कुठे?

रीलसाठी उसळता चेंडू ॲनिमेट करणारे नवखे जमीन हमखास चौकटीच्या तळाशी आखतात. चेंडू टेकताना चपटा होतो, तीच खरी गंमत. पण फोनवर नेमकं तिथेच खात्याचं नाव आणि कॅप्शन येऊन बसतं.

चौकट १०८० × १९२० पिक्सेलची. रील-जाहिरातींत वरचे १४, खालचे ३५ आणि दोन्ही कडांचे ६-६ टक्के मजकुराविना ठेवावेत, असं मेटा सुचवते. उरतो साधारण ९५० × ९८०चा, जवळपास चौरस भाग.

म्हणून जमिनीची रेघ वरून १२०० पिक्सेलवर घ्यावी. अक्षरंही याच चौरसात. खाली माती, गवत रंगवावं. ते झाकलं गेलं तरी बिघडत नाही.

तपासणी सोपी आहे: कुठल्याही चालू रीलचा स्क्रीनशॉट अर्धपारदर्शक करून सगळ्यात वरच्या लेअरवर ठेवायचा, ॲनिमेशन फ्रेमगणिक पाहायचं आणि एक्स्पोर्टआधी तो लेअर बंद करायचा.