कोमट दुधाला फेस का टिकत नाही?

घरी कॅपुचिनो करताना बहुतेकांचा भर फ्रॉदरवर असतो. खरं तर बॅटरीवर चालणारा साधा फ्रॉदरही पुरतो. गडबड होते ती दुधाच्या तापमानात.

दुधातला फेस प्रथिनांच्या जिवावर उभा राहतो. दूध घुसळलं की हवेचे बुडबुडे आत शिरतात आणि केसिन व व्हे ही प्रथिनं त्या बुडबुड्यांभोवती पातळ पापुद्रा धरतात. पापुद्रा धड असला की बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत. स्निग्धांश मात्र दोन्हीकडून बोलतो. त्याने फेसाला मऊपणा आणि चव येते, पण तोच पापुद्रा फोडूही शकतो.

केव्हा फोडतो? साधारण १० ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. या तापमानाला स्निग्धांशाचे कण अर्धवट घट्ट, अर्धवट पातळ असतात. त्यांच्यातले स्फटिक पापुद्र्यात घुसतात, पातळ भाग बुडबुड्यावर पसरतो आणि बुडबुडा फुटतो. लोणी काढताना आपल्याला हेच कण एकमेकांना चिकटायला हवे असतात. कॉफीत ते नको असतं. ४० अंशांच्या वर स्निग्धांश जवळजवळ पूर्ण वितळतो आणि त्याचा त्रास बराच कमी होतो. म्हणजे फ्रिजमधून काढून ओट्यावर तासभर ठेवलेलं फुल क्रीम दूध फेसासाठी सगळ्यांत वाईट.

आता प्रत्यक्ष कृती. टोन्ड दूध घ्या, त्यात स्निग्धांश ३ टक्के असतो. फुल क्रीमचा ६ टक्के जरा जड पडतो. डबल टोन्डचा दीड टक्का फेस ताठ देतो, पण तो तोंडात कोरडा लागतो. आधी तापवलेलं दूध असेल तर साय गाळून घ्या. १५० मिली दूध मंद आचेवर ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर पातेल्याला बोट क्षणभरच लावता येईल, एवढं गरम. उकळी नको. ७० अंशांच्या पुढे व्हे प्रथिनं उलगडून एकमेकांत अडकायला लागतात आणि दुधाला तापवल्याचा वासही येतो.

हे दूध फ्रेंच प्रेसमध्ये ओतून दांडा वीस-तीस सेकंद भराभर वरखाली करा. प्रेस अर्ध्यापेक्षा कमी भरलेला असू द्या, कारण दूध फुगतं. मग भांडं ओट्यावर दोनदा आपटा म्हणजे मोठे बुडबुडे फुटतील, आणि गोल फिरवून लगेच कपात ओता. पृष्ठभाग ओल्या रंगासारखा चकाकला तर फेस जमला. वर साबणासारखा पांढरा थर आणि खाली पातळ दूध असं वेगळं झालं, तर हवा जास्त गेली. पुढच्या वेळी कमी घुसळा.

तापमान बरोबर असूनही फेस येतो आणि चरचरत खाली बसतो, असं झालं तर दूध बदलून पाहा. दूध जुनं होत गेलं की त्यातला स्निग्धांश तुटून मोकळी आम्लं सुटतात. ती प्रथिनांना बुडबुड्यावरून बाजूला सारतात, मग फ्रॉदर कितीही महागडा असो.