दुधाचा माग

गुजरातेत पूर्वी गुरं चोरीला गेली की पगीला बोलावत. चोर कोण असेल याचे तर्क अख्खं गाव लढवी. पगी मात्र खाली मान घालून धुळीतले ठसे बघत चालायचा. सामाजिक शास्त्रांत 'प्रोसेस ट्रेसिंग' नावाची पद्धत आहे, ती या पगीच्या वळणाची. अमक्यामुळे तमकं झालं, एवढं म्हणून ती थांबत नाही. मधली प्रत्येक पायरी खरंच घडली का, आणि घडली असेल तर तिचा ठसा कुठे दिसायला हवा, हे ती विचारते.

गुजरातेतल्याच खेडा जिल्ह्यावर ती चालवून पाहू. 1945 मध्ये मुंबई सरकारने शहराला दूध पुरवण्याची योजना आखली आणि खेड्यातलं दूध गोळा करायचं काम आणंदच्या पोल्सन डेअरीला दिलं. नफा मधेच मुरू लागला. 4 जानेवारी 1946 रोजी समरखा गावच्या सभेत, मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत, ठरलं की गावोगाव सहकारी संस्था काढायच्या आणि सरकार त्यांच्याकडून थेट दूध घेत नसेल तर कुणालाच घालायचं नाही. पंधरा दिवस मुंबईला दूध गेलं नाही. सरकार नमलं, आणि त्याच वर्षी 14 डिसेंबरला जिल्हा संघाची नोंदणी झाली. पुढे अमूल म्हणून देशाला माहीत झाला तो हाच संघ.

आता कोडं असं. शेजारचे सगळे अडून बसले असताना मी गुपचूप दूध घातलं तर आजचे पैसे मला मिळतात, आणि उद्या भाव वाढला तर तोही मिळतो. प्रत्येकाने असा हिशोब केला की संप पहिल्याच संध्याकाळी संपतो. मग तो का संपला नाही?

कुणालाही विचारा, वर्गीस कुरियन यांचं नाव निघेल. ते आणंदला आले 1949 मध्ये. दूधभुकटीचा मोठा कारखाना तर 1955 चा. कारण परिणामाच्या आधी हजर असायलाच हवं. या साध्या अटीवर दोन्ही उत्तरं बाद होतात. नंतरच्या वाढीचं श्रेय कुरियन यांचं, पण संपाचं नाही. अशा कसोटीला अभ्यासक सर्कशीतल्या रिंगणाची उपमा देतात. त्यातून उडी मारता आली नाही तर दावा संपला. मारता आली तरी तो सिद्ध होत नाही, फक्त शर्यतीत राहतो.

सरदार पटेलांचा शब्द या रिंगणातून पार होतो. आधीपासूनच ते सहकारी संस्था काढा म्हणत होते. खेड्याला 1918 च्या साराबंदीचा अनुभवही होता, म्हणजे मिळून नकार देणं गावांना नवं नव्हतं. तिसरी गोष्ट सहसा कुणी बोलत नाही, ती चुलीपाशी आहे. न घातलेलं दूध ओतूनच द्यावं लागतं असं नाही, त्याचं विरजण लावून तूप करता येतं. संपकऱ्याचं नुकसान त्यामुळे हलकं झालं असेल, तर त्या जानेवारीत आणंदच्या बाजारात तुपाची आवक वाढलेली आणि भाव उतरलेला दिसला पाहिजे. तसा आडत्याच्या वहीतला आकडा जिंकलेल्यांनी मागाहून सांगितलेल्या दहा आठवणींहून मोलाचा, कारण तो लिहिणाऱ्याला कुठलीही बाजू सिद्ध करायची नव्हती.

पण माग पुढे नेला की ठसे अचानक विरळ होतात. जून 1948 मध्ये संघाचं दूध मुंबईला निघालं, तेव्हा संस्था होत्या दोन गावांत आणि दूध रोज जेमतेम अडीचशे लिटर. जिल्ह्याने संप केला होता, संस्थेत मात्र मूठभरच आले. पंधरा दिवस दूध न घालणं आणि वर्षानुवर्षं रोज दोनदा शुद्ध दूध घालणं, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. दुसऱ्या परीक्षेत मोह लहान आणि रोजचा असतो: तांब्याभर पाणी. सरळ लिटरवर पैसे दिले तर पाणी घालणारा जिंकतो आणि प्रामाणिक माणूस संस्था सोडतो. म्हणून गावातच प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घेऊन फॅट काढायची, तिच्यावर भाव द्यायचा आणि पैसेही लगेच हातात ठेवायचे, ही या संस्थांची रीत. शेजाऱ्यावर विश्वास ठेवण्याची गरजच तिने कमी केली. 1948 संपताना 432 उत्पादक आणि रोज पाच हजार लिटर दूध, इथवर मजल गेली.

इथे एक प्रतिस्पर्धी उभा राहतो. माणसं फॅटच्या चाचणीमुळे आली की मुंबईचं गिऱ्हाईक मिळालं म्हणून? दोन्ही एकाच वेळी हजर असल्याने तारखा इथे कामाला येत नाहीत. यशस्वी गावांची यादी वाचूनही काही कळत नाही, कारण तिथे दोन्ही आहेत. शोधायची ती मोडलेली संस्था. मुंबई दूध घेतच होती आणि तरीही मापावरच्या भांडणातून एखाद्या गावची संस्था बंद पडली असेल, तर एकटं गिऱ्हाईक पुरेसं नव्हतं हे पक्कं होतं. अशा संस्थेला कुणी स्मरणिका काढत नाही. तिचा पत्ता लेखापरीक्षकाच्या शेऱ्यात लागतो, किंवा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याकडे, ज्याला ते भांडण कुणाच्या मापावरून झालं हे अजून आठवतं.